प्याद्यांच्या एकाच रचनेवर उभा राहणारा छोटा ओपनिंग संच

प्रश्न: माझे रेटिंग 1350 च्या आसपास आहे. पांढऱ्याने काय खेळायचे आणि काळ्याने काय, हे अजून ठरत नाही. व्हिडिओ बघून पंधरा-पंधरा चाली पाठ करतो, पण समोरचा सहाव्या चालीलाच वेगळे काहीतरी खेळतो आणि मग मी कोरा. लांब लाइन्स पाठ न करता छोटासा संच कसा निवडावा?

उत्तर:

ओपनिंग नावावरून निवडू नका, प्याद्यांच्या रचनेवरून निवडा. आणि शक्य असेल तर अशी एकच रचना निवडा जी पांढऱ्यानेही येते आणि काळ्यानेही. मग तुमचा प्रत्येक डाव, रंग कुठलाही असो, त्याच एका अभ्यासात भर घालतो. मी शिकवताना बहुतेकांना जो संच देतो तो असा: पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिट आणि त्यातली एक्स्चेंज पद्धत, काळ्याने e4 विरुद्ध कॅरो-कान आणि d4 विरुद्ध स्लाव्ह. ही तीन नावे एकत्र का, ते एकदा पटावर पाहिले की पुढचे बरेच काही आपोआप लक्षात राहते.

कॅरो-कानमधली एक्स्चेंज लाइन लावा: 1.e4 c6 2.d4 d5 3.exd5 cxd5. आता पांढऱ्याचे e प्यादे नाही आणि काळ्याचे c प्यादे नाही. शेजारी दुसरा पट ठेवा आणि त्यावर क्वीन्स गॅम्बिटची एक्स्चेंज लाइन लावा: 1.d4 d5 2.c4 e6 3.Nc3 Nf6 4.cxd5 exd5. इथे पांढऱ्याचे c प्यादे गेले आणि काळ्याचे e गेले. म्हणजे तीच रचना, फक्त रंग उलटे. फाइल्सही त्याच: हल्ला करणाऱ्याला c फाइल अर्धी उघडी मिळते, बचाव करणाऱ्याला e फाइल. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात. पहिल्या पटावर काळा जे करतो, नेमके तेच दुसऱ्या पटावर पांढरा करतो. तुमच्या संचात दोन्ही वेळा तुम्ही c फाइलच्या बाजूला बसलेले असता. स्लाव्हमध्ये रचना थोडी वेगळी होते, पण तिथेही c6-d5 ची तीच जोडी आणि c8 च्या उंटाचा तोच प्रश्न असतो.

त्या उंटावरच सगळा संच उभा आहे. नियम एका ओळीचा: आधी वजिराच्या बाजूचा उंट बाहेर काढा, मग e प्यादे एक घर पुढे. कॅरो-कानमध्ये उंट f5 किंवा g4 वर, मग e6. स्लाव्हमध्ये उंट f5 वर, मग e6. पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिटमध्ये उंट g5 किंवा f4 वर, मग e3. e प्यादे आधी हलले की उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो आणि पुढे वीस चाली त्याला काम मिळत नाही.

या नियमाची किंमतही आहे आणि ती पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवी. उंट c8 सोडून गेला की b7 च्या प्याद्याचा राखणदार जातो. समोरचा वजीर b3 वर येतो आणि b7 वर डोळा ठेवतो. पांढऱ्याने खेळताना हेच उलटे होते: उंट c1 सोडतो आणि काळ्याचा वजीर b6 वरून b2 वर येऊ पाहतो. या संचात तुमच्यावर येणारी पहिली धमकी बहुतेक वेळा हीच असते. म्हणून "वजीर b3 वर आला तर माझे उत्तर काय" हा एक प्रश्न उंट हलवण्याआधी स्वतःला विचारायची सवय लावा. अनेक लाइन्समध्ये पाठ करावे लागते ते सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरात मावते.

आता एक डाव जवळून बघू. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने काळ्याने खेळलेला हा डाव आहे. वर्षभरात तिने सिसिलियन, फ्रेंच आणि किंग्ज इंडियन असे सगळे चाखून सोडले होते. कॅरो-कान घेऊन तिला महिनाही झाला नव्हता.

```
1.e4 c6 2.d4 d5 3.exd5 cxd5 4.Bd3 Nc6 5.c3 Nf6
6.Bf4 Bg4 7.Qb3 Qd7 8.Nd2 e6 9.Ngf3 Bxf3
10.Nxf3 Bd6 11.Bxd6 Qxd6 12.O-O O-O
```

चौथ्या चालीला पांढऱ्याचा उंट d3 वर आला तो f5 हे घर अडवायला. e6 झालेले नसताना काळ्याचा उंट f5 वर गेला असता तर त्याला राखणारे कुणीच नसते आणि पांढऱ्याने तो फुकट मारला असता. म्हणून काळा g4 वर गेला. लगेच ठरलेली धमकी आली: 7.Qb3. तिचे उत्तर Qd7, कारण b7 राखले जाते आणि वजीर कुठेही अडकत नाही. मग e6, आणि उंटाने f3 वरचा घोडा मारला. हा बदल तिने उगाच केला नाही. पांढऱ्याला घोडा e5 वर रोवून, मागून f4 करून राजाच्या बाजूला चढायचे असते. त्या जागेकडे जाणारा एक घोडा पटावरून गेला की ते चढणे निम्मे ढिले पडते.

अकराव्या चालीनंतर वजीर d6 वर गेला आणि b7 उघडे पडले. तिथे ती थांबली होती, असे तिने नंतर सांगितले. पाठ केलेली लाइन तिला नवव्या चालीपर्यंतच येत होती. पण प्रश्न ओळखीचा होता, म्हणून तिने मोजले: 12.Qxb7 Rb8 13.Qa6 Rxb2, प्यादे परत आले आणि हत्ती दुसऱ्या रांगेत घुसला. समोरच्याने ते घेतले नाही, कॅसलिंग केले.

इथून पुढे डावाची योजना सुरू होते. तिला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. वजिराच्या बाजूला काळ्याची दोन प्यादी आहेत, a आणि b. पांढऱ्याची तीन आहेत, a, b आणि c. दोघांनी तिघांवर चालून जायचे. b प्यादे b5, मग b4 वर नेऊन c3 शी बदलायचे. पांढऱ्याने b प्याद्याने परत घेतले की c3 चे प्यादे मागे पडलेले आणि अर्ध्या उघड्या c फाइलवर उघडे राहते. पुढे सगळे हत्ती आणि घोडे त्याच्यावर रोखायचे. डाव असा गेला:

```
13.Rfe1 Rab8 14.h3 b5 15.Qc2 b4
16.Ne5 bxc3 17.bxc3 Rfc8
```

दोन जागांवर थोडे रेंगाळू. 14...b5 नंतर b5 चे प्यादे फुकट दिसते, पांढऱ्याचा उंट आणि वजीर दोघेही त्याच्यावर आहेत. पण 15.Bxb5 घेतले तर a6. आता उंट b फाइलवर आपल्याच वजिरासमोर पिन झाला आहे. तो हलला, मग c6 चा घोडा मारून का असेना, तर हत्ती b3 वरचा वजीर घेतो. म्हणूनच Rab8 ही चाल b5 च्या आधी येते. हत्ती b8 वर नसता तर b5 ही सरळ प्यादे गमावणारी चाल ठरली असती. आणि ही युक्ती पांढऱ्याचा घोडा f3 वर असतानाच इतकी सरळ चालते. तो आधीच e5 वर आला असेल तर c6 चा घोडा मारण्याचा पर्याय त्याला मिळतो, तेव्हा b5 च्या आधी पुन्हा मोजावे लागते.

दुसरी जागा 16.Ne5. इथे c6 च्या घोड्याने e5 चा घोडा मारावासा वाटतो. मारला तर d प्यादे परत घेते आणि ते एकाच वेळी d6 च्या वजिरावर आणि f6 च्या घोड्यावर येते. एक मोहरा जातो. तिने तो मोह टाळून bxc3 केले. ही चूक मी या रचनेत इतक्यांदा पाहिली आहे की "वजीर d6 वर, घोडा f6 वर, तर e5 वर मारामारी नाही" हे वाक्य मी सगळ्यांकडून वहीत लिहून घेतो.

सतराव्या चालीनंतर काळ्याला शोध लावायचा उरला नव्हता. घोडा a5 मार्गे c4 वर, हत्ती c फाइलवर एकामागे एक, आणि c3 वर दबाव. ते प्यादे पडले आणि एंडगेममध्ये डाव तिचा झाला. समोरचा खेळाडू तिच्यापेक्षा बराच वर होता. त्याने चूक अशी ठळक केली नव्हती, फक्त 14.h3 आणि 15.Qc2 या दोन चाली निवांत खेळल्या, तेवढ्या वेळात काळ्याचे b प्यादे पोचले.

आता हाच डाव पांढऱ्याने:

```
1.d4 d5 2.c4 e6 3.Nc3 Nf6 4.cxd5 exd5 5.Bg5 Be7
6.e3 O-O 7.Bd3 Nbd7 8.Qc2 Re8 9.Nf3 Nf8
10.O-O c6 11.Rab1
```

उंट बाहेर, मग e3. दुसरा उंट d3 वर, वजीर c2 वर, म्हणजे काळ्याच्या c8 च्या उंटाला f5 सहज मिळत नाही. मग हत्ती b1 वर, b4, b5, आणि c6 वर बदल. काळ्याने a5 करून b4 रोखायचा प्रयत्न केला तर आधी a3. तुम्ही कॅरो-कानचा वरचा डाव मनापासून समजून घेतला असेल तर या अकरा चालींपैकी पाठ करण्यासारख्या फार थोड्या उरतात. मोहरे कुठे बसतात आणि का, ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

एक इशारा मात्र इथेच. काळ्याने 5...Be7 ऐवजी 5...Nbd7 केले तर f6 चा घोडा पिन आहे असे वाटून d5 चे प्यादे घ्यायचा मोह होतो. 6.Nxd5 Nxd5 7.Bxd8 Bb4+ आणि वजीर मध्ये घालण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. हिशेब संपतो तेव्हा तुम्ही एक मोहरा मागे असता. घोडा वजिरासमोर पिन असतो तेव्हा तो वजीर सोडून हलू शकतो, राजासमोरच्या पिनसारखा तो बांधलेला नसतो. हा सापळा पाठ करा, कारण तो तुमच्यावर येणार हे नक्की.

संच निवडताना त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते: समोरचा चांगला खेळला तर काय होते? त्यासाठी 1970 सालचा बेलग्रेडमधला फिशर विरुद्ध पेट्रोस्यान हा डाव लावून बघा. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यातला. वरच्याच चालीक्रमाने सातव्या चालीला फिशरचा वजीर b3 वर आला. पेट्रोस्यानने Qd7 ऐवजी 7...Na5 निवडले. 8.Qa4+ आला आणि शह तोडायला g4 चा उंट d7 वर परत गेला. तिथून तो नीट बाहेर पडलाच नाही. फिशरने घोडा e5 वर बसवला, f4 आणि मग f5 केले, काळ्याचा राजा कॅसलिंग न करता f8 वर गेला आणि डाव फिशरने जिंकला. माजी जगज्जेत्यालाही एक उंट आत राहण्याची किंमत द्यावी लागली. मी हा डाव मुलांना हरलेल्या बाजूने दाखवतो आणि दर तीन चालींनी विचारतो, काळ्याचा c8 चा उंट आता काय करतो आहे?

पांढऱ्याच्या बाजूनेही योजना एकटी नाही. 1952 सालच्या बोटविनिक-केरेस डावात बोटविनिकने राजाच्या बाजूचा घोडा f3 ऐवजी e2 वर ठेवला आणि b प्याद्याऐवजी मधल्या भागात f3 आणि e4 ची तयारी करून जिंकला. हे तुम्ही आत्ताच शिकायची गरज नाही. सहा महिन्यांनी मायनॉरिटी अटॅकचा कंटाळा आला, की त्याच ओपनिंगमध्ये दुसरी योजना तयार आहे, एवढे पुरे. संच बदलावा लागत नाही, आत खोल जाता येते, ही या निवडीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

आता जिथे योजना पुरत नाही आणि थोडे पाठांतर लागतेच, त्या जागा. कॅरो-कानमध्ये त्या तीन आहेत.

पहिली अ‍ॅडव्हान्स: 3.e5 Bf5. नियम पाळून उंट बाहेर आला. आता 4.h4 आले तर e6 करायचे नाही, कारण 5.g4 Be4 6.f3 Bg6 7.h5 आणि उंट मेला. 4...h5 करा. याच लाइनमध्ये सर्वात जास्त डाव दहा चालींत संपलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी काळ्याने "उंट बाहेर, मग e6" हा नियम डोळे मिटून पाळलेला असतो. उंट बाहेर काढल्यावर त्याला परतीची वाट आहे का, हे बघणे नियमाचाच भाग समजा.

दुसरी, पांढऱ्याने d4 न करता दोन घोडे काढले तर: 2.Nc3 d5 3.Nf3. इथे नेहमीसारखे 3...dxe4 4.Nxe4 Bf5 केले तर 5.Ng3 Bg6 6.h4 h6 7.Ne5 आणि काळा अडचणीत येतो. मुख्य लाइनमध्ये पांढऱ्याचा d4 झालेला असतो, घोडा सावकाश f3 वर येतो आणि काळ्याला Nd7 करून e5 राखायला वेळ मिळतो. इथे तो वेळ नाही. म्हणून 3...Bg4 करा, h3 आले की घोडा मारा आणि मग e6. उंट बाहेरच गेला, फक्त वेगळ्या घरावर.

तिसरी पानोव्ह: 3.exd5 cxd5 4.c4. इथे नियम मोडावा लागतो. 4...Nf6 5.Nc3 e6, उंट आतच राहतो. मोबदल्यात बहुतेक वेळा पांढऱ्याचे d4 चे प्यादे एकटे पडते आणि तुम्हाला त्याच्यासमोर d5 वर घोडा बसवायची जागा मिळते. सुरुवातीला या लाइनमध्ये हराल. ती रचना वेगळी आहे आणि तिला वेगळा वेळ द्यावा लागतो. पण तुमच्या पातळीवर ती रोज येत नाही, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत तिच्यामागे लागू नका.

शिवाय एक छोटी गोष्ट. 3.Nc3 dxe4 4.Nxe4 नंतर काही जण Bf5 ऐवजी Nd7 खेळतात, कुठेतरी पाहिलेले असते म्हणून. मग 5.Qe2 आणि बेसावधपणे 5...Ngf6 केले की 6.Nd6 मात. e7 चे प्यादे पिन असते, ते घोडा मारू शकत नाही. आपल्या संचात उंटच आधी निघतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. नियम पाळण्याचा हा एक फुकटचा फायदा.

स्लाव्हमध्ये एकच गाठ आहे आणि ती पुन्हा b7 चीच. 1.d4 d5 2.c4 c6 3.Nf3 Nf6 आणि आता पांढऱ्याने 4.e3 केले तर उंट सरळ f5 वर. पण 4.Nc3 केले तर लगेच Bf5 करू नका: 5.cxd5 cxd5 6.Qb3, आणि आता वजीर b7 वर आहे, शिवाय c3 चा घोडा d5 वर आहे. Qb6 ने वाचवायला गेलात तर Nxd5 ने प्यादे जाते. कॅरो-कानच्या डावात हाच वजीर b3 वर आला होता, तरी तेव्हा काही बिघडले नाही. कारण तिथे c3 वर प्यादे होते, घोडा नव्हता, d5 वर दुसरा दाब नव्हता. हा फरक एकदा कळला की चालीक्रम विसरता येत नाही. 4.Nc3 ला उत्तर 4...dxc4. c4 वर बसलेले तुमचे प्यादे b3 हे घर राखते, वजीर तिथे येऊ शकत नाही. 5.a4 आले की मग Bf5, मग e6, आणि पांढऱ्याने c4 चे प्यादे परत घेतले की Bb4. सात चालींच्या पुढे मी कुणाला लिहून देत नाही.

पांढऱ्याने 1.d4 d5 2.c4 नंतर काळा e6 न करता c6 करेल, तेव्हा तुम्हीच c प्याद्यांची अदलाबदल करा आणि पुन्हा तेच: घोडा c3, उंट f4, मग e3. काळ्याने 2...dxc4 घेतले तर 3.e3, प्यादे परत येतेच. त्याने ते b5 ने धरून ठेवायचा प्रयत्न केला तर 4.a4, आणि त्यावर c6 आले तर 5.axb5 cxb5 6.Qf3 ने a8 च्या कोपऱ्यात काहीतरी पडते. उरला तो g6 करून उंट g7 वर नेणारा खेळाडू. तिथे कार्ल्सबाड येत नाही, हे मान्य करा. त्याच्याविरुद्ध घोडा f3, मग g3, Bg2 आणि कॅसलिंग, एवढी शांत मांडणी घ्या. ती सगळ्यात धारदार नाही, पण राजा सुरक्षित राहतो आणि लांब लाइन लागत नाही. डच डिफेन्सलाही तीच मांडणी चालते.

लंडन सिस्टिम का नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. लंडन वाईट नाही. पण त्यात काळ्याने c5 करून d4 वर बदल केला आणि तुम्ही e प्याद्याने परत घेतले की रचना कॅरो-कान एक्स्चेंजची होते, आणि तुम्ही पांढऱ्याच्या, म्हणजे बचावाच्या बाजूला बसता. तुम्हाला e5 चा घोडा आणि राजावरचा हल्ला मनापासून आवडत असेल तर लंडन घ्या. फक्त मग काळ्याने कॅरो-कान घेऊन दोन्ही रंगांना एकच धडा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन्ही बाजू शिकाव्या लागतील.

हे सगळे वहीत कसे उतरवायचे? एका ओपनिंगला एक पान. वर जास्तीत जास्त आठ-नऊ चाली. खाली तीन ओळी: कोणते प्यादे पुढे न्यायचे, घोडा कोणत्या घराकडे, आणि कोणता बदल हवा, कोणता नको. कॅरो एक्स्चेंजच्या पानावर हे असे दिसते: b प्यादे b4 पर्यंत, घोडा a5 मार्गे c4, f3 चा घोडा मारायला हरकत नाही, e5 वर मारामारी टाळा. तुम्हाला चाली आठवल्या नाहीत तरी या तीन ओळी आठवल्या की डाव चालतो. त्या तीन ओळी लिहिता येत नसतील तर ती लाइन तुम्हाला अजून कळलेली नाही, मग ती वीस चालींपर्यंत पाठ असली तरी.

डाव झाल्यावर इंजिन लगेच लावू नका. आधी आपल्या पानाशी ताडून बघा: पहिला वेगळा कोण गेला, तुम्ही की समोरचा? तुम्ही गेला असाल तर पानावर काही नवे लिहायचे नाही, फक्त विसरलेली चाल अधोरेखित करा. समोरचा गेला असेल तर लीचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये तुमच्या रेटिंगचा गट निवडून ती चाल किती वेळा खेळली जाते ते बघा. वारंवार येत असेल तर पानावर एक ओळ वाढवा. क्वचित येत असेल तर सोडून द्या. मास्टर्सचा डेटाबेस इथे दिशाभूल करतो, कारण तुमच्या पातळीवर जे रोज येते ते तिथे दिसतच नाही. इंजिन शेवटी, आणि तेही एकाच प्रश्नासाठी: योजना बरोबर होती का? 0.3 चा फरक तुमच्या पातळीवर डाव ठरवत नाही, तेव्हा त्यासाठी लाइन बदलू नका.

संच चुकला आहे का, हे कसे ओळखायचे? हरलेले शेवटचे वीस डाव काढा आणि प्रत्येकात मोहरा किंवा मोठा फायदा कोणत्या चालीला गेला, तेवढा आकडा लिहा. बाराव्या चालीच्या आत बरेच आकडे पडत असतील तर ओपनिंगच्या पानात भोक आहे, ते शोधा. बहुतेक वेळा ते वर सांगितलेल्या जागांपैकीच एक निघते. आकडे पंचवीस-तीसच्या पुढे असतील तर ओपनिंगला दोष देऊ नका, वेळ टॅक्टिक्सला आणि हत्तींच्या एंडगेमला द्या. आणि तिसरी खूण: हरता नाही, पण दर वेळी तेराव्या-चौदाव्या चालीला घड्याळ बघत बसता आणि काय करावे सुचत नाही. तेव्हा चाली येतात, योजना येत नाही. अशा वेळी त्या रचनेतले चार-पाच पूर्ण डाव शेवटपर्यंत, एंडगेमसकट, हाताने पटावर लावून बघा. c3 किंवा c6 चे प्यादे शेवटी कसे पडते ते डोळ्यांनी पाहिले की b प्यादे कधी ढकलायचे ते उमगू लागते.

सुरुवात काळ्याने करा, पांढऱ्याने नको. पहिला महिना फक्त कॅरो-कान, तीन पाने: एक्स्चेंज, अ‍ॅडव्हान्स आणि दोन घोडे. पांढऱ्याने तोवर जे खेळता तेच चालू द्या. दुसऱ्या महिन्यात क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंज घ्या, तेव्हा ते निम्मे आधीच येत असेल. स्लाव्ह तिसऱ्या महिन्यात. तोवर कुणी 1.d4 केले तरी d5, c6 आणि Nf6 इतके ठेवा, आणि उंट हलवण्याआधी b7 कडे एकदा बघा.